खर्च वेगवेगळे असताना एचएचआय नेमकं काय सांगतो

प्रश्न: कूर्नो मॉडेलमध्ये कंपन्यांचे खर्च वेगवेगळे असतील तर ‘सरासरी लर्नर निर्देशांक = एचएचआय ÷ लवचिकता’ हे सूत्र कुठून येतं? आणि मग एचएचआय वाढला म्हणजे ग्राहकाचं नुकसान झालं असं धरायचं का?

उत्तर:

आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो: नाही, तसं धरता येत नाही. का, ते पहिल्या प्रश्नाच्या उत्तरातच दडलेलं आहे, म्हणून सूत्र एकदा हातानं काढून पाहू. एचएचआय म्हणजे बाजार किती थोड्या हातांत आहे ते मोजणारा हर्फिंडाल-हर्शमन निर्देशांक, आणि लर्नर निर्देशांक म्हणजे भावातला खर्चाच्या वरचा वाटा.

कूर्नोमध्ये प्रत्येक कंपनी फक्त किती माल बाजारात आणायचा ते ठरवते. माल सगळ्यांचा सारखाच असतो आणि भाव एकूण मालावरून ठरतो. कंपनीनं एक नग जास्त आणला तर त्या नगावर तिला भाव वजा नगामागचा खर्च, म्हणजे P − cᵢ मिळतात. पण त्या एका नगामुळे बाजारभाव किंचित उतरतो आणि तिच्या आधीच्या qᵢ नगांवरही तेवढं कमी मिळतं. हा फायदा आणि हा तोटा जिथे सारखे होतात तिथे ती थांबते:

P − cᵢ = −P′(Q) · qᵢ

इथे जरा थांबा. उजवीकडचा P′, म्हणजे एकूण माल Q एका नगानं वाढला की भावात होणारा बदल, सगळ्या कंपन्यांना एकच आहे. म्हणजे जिचा माल दुप्पट, तिचं नगामागचं भाव-खर्चातलं अंतर, म्हणजे वरकडही दुप्पट. पुढचं सगळं यातूनच येतं. दोन्ही बाजूंना P ने भागा आणि उजवीकडे Q ने गुणून Q नेच भागा:

(P − cᵢ)/P = sᵢ/ε

डावीकडे त्या कंपनीचा लर्नर निर्देशांक Lᵢ आहे, sᵢ हा तिचा बाजारहिस्सा आणि ε ही संपूर्ण बाजाराच्या मागणीची लवचिकता (धन चिन्हानं घेतलेली). आता प्रत्येक कंपनीच्या समीकरणाला तिच्याच हिश्श्यानं गुणा आणि बेरीज करा. उजवीकडे हिश्श्यांच्या वर्गांची बेरीज येते, आणि एचएचआय म्हणजे तीच:

Σ sᵢLᵢ = HHI/ε

बरीच मुलं इथे साधी सरासरी घेतात. साध्या सरासरीत हिश्श्यांची बेरीज १ होते आणि हाती फक्त 1/(nε) उरतं; n म्हणजे कंपन्यांची संख्या. खर्चातली असमानता पुसली जाते. एचएचआय येतो तो हिश्श्यांचं वजन दिल्यामुळे. दुसरी नेहमीची चूक म्हणजे हिस्से टक्क्यांत घेऊन एचएचआय ३८८९ असा लिहायचा आणि तसाच सूत्रात घालायचा. आधी त्याला १०,००० ने भागा.

आता आकडे घेऊ. मागणी P = १०० − Q, आणि तीन कंपन्यांचा नगामागचा खर्च १०, २० आणि ३०. तिन्ही समीकरणांची बेरीज केली की भाव असा निघतो: P = (१०० + १० + २० + ३०)/४ = ४०. रेषेचा उतार १ असल्यामुळे प्रत्येकीचा माल म्हणजे भाव वजा खर्च: ३०, २० आणि १०. एकूण ६०. हिस्से १/२, १/३ आणि १/६. समतोलाच्या जागी लवचिकता ε = P/Q = ४०/६० = २/३.

लर्नर निर्देशांक थेट काढा: ३०/४० = ०.७५, २०/४० = ०.५, १०/४० = ०.२५. आता हिश्श्याला २/३ ने भागून पाहा, तेच तीन आकडे येतात. एचएचआय १/४ + १/९ + १/३६ = १४/३६, म्हणजे सुमारे ०.३८८९. त्याला २/३ ने भागलं की ०.५८३३, आणि हिश्श्यांचं वजन देऊन काढलेली सरासरीही ०.५८३३. (लवचिकता १ पेक्षा कमी पाहून घाबरू नका. ‘समतोलात लवचिकता १ पेक्षा जास्तच हवी’ हा नियम मक्तेदाराचा. इथे फक्त सर्वात मोठा हिस्सा ε पेक्षा कमी असावा लागतो.)

आता तिघींचाही खर्च २० करा. खर्चांची बेरीज ६०च राहिली, म्हणून भाव ४०च, एकूण माल ६०च. ग्राहकाला काडीचाही फरक पडला नाही. पण हिस्से सारखे झाल्यामुळे एचएचआय ३८८९ वरून ३३३३ वर आला आणि सरासरी लर्नर ०.५८३३ वरून ०.५ वर. भाव जागचा हलला नाही, मग लर्नर कसा बदलला? कारण आधीच्या बाजारात जास्त माल स्वस्तात बनवणारी कंपनी बनवत होती. मालाच्या वजनानं काढलेला सरासरी खर्च तिथे १६.६७ होता, इथे २० आहे. वरकड वाढली होती ती खर्च खाली गेल्यामुळे. नफ्यातही हे दिसतं: असमान खर्चांच्या बाजारात एकूण १४००, समान खर्चांच्या बाजारात १२००.

यापुढचं उदाहरण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मूळ बाजाराकडे परत या आणि एचएचआय दोन वेगळ्या वाटांनी वाढवा.

पहिली वाट: पहिल्या कंपनीनं नवं तंत्र आणलं आणि तिचा खर्च १० वरून २ झाला. भाव ३८. माल ३६, १८ आणि ८, एकूण ६२. एचएचआय सुमारे ४३८१.

दुसरी वाट: तिसऱ्या कंपनीचा खर्च ३० वरून ३८ झाला. भाव ४२. माल ३२, २२ आणि ४, एकूण ५८. एचएचआय सुमारे ४५३०.

दोन्हीकडे एचएचआय चढला आणि सरासरी लर्नरही चढला. पण एकीकडे भाव दोननं उतरला, दुसरीकडे दोननं चढला. नुसता एचएचआय पाहणाऱ्याला हे दोन बाजार जवळजवळ सारखेच दिसतील. म्हणून मी ‘एचएचआय वाढला म्हणून वरकड वाढली’ असं वाक्य लिहू देत नाही. हिस्से, वरकड आणि भाव हे तिन्ही एकाच समतोलातून एकदम ठरतात. त्यांच्या मागे खर्च, मागणी आणि कंपन्यांची संख्या असते. सूत्रातलं बरोबरीचं चिन्ह कोण कोणामुळे, हे सांगत नाही. तुम्हाला ग्राहकाचं काय झालं ते हवं असेल तर विचारा की कोणाचा खर्च कुठल्या दिशेनं हलला.

हे सूत्र कुठे तुटतं तेही पाहा. तिसरीचा खर्च ६० धरून भाव काढला तर ४७.५ येतो, म्हणजे तिचा माल −१२.५. असा उणे आकडा आला की ती कंपनी बाजारात नाही. तिला वगळून दोघींचं गणित पुन्हा करा: भाव १३०/३, म्हणजे ४३.३३. तो ६० च्या खाली आहे, म्हणून तिला परत यायचं कारण नाही.

खऱ्या आकडेवारीवर सूत्र लावायचं असेल तर एक तपासणी आधी करा. प्रत्येक कंपनीचा Lᵢ/sᵢ काढा. आपल्या मूळ उदाहरणात तो तिघींचाही १.५ येतो, म्हणजे 1/ε. तुमच्या आकड्यांत तो कंपनीगणिक वेगळा येत असेल, तर एक तर तिथली स्पर्धा कूर्नोची नाही, किंवा माल सारखा नाही, किंवा तुम्ही सीमांत खर्चाच्या जागी हिशेबवहीतला सरासरी खर्च घातला आहे. मी आधी तिसरी शंका तपासतो. त्या खर्चात भाडं आणि घसारा मिसळलेला असतो, आणि लहान कंपनीत तो थोड्या नगांवर वाटला जात असल्यामुळे तिचा L खऱ्यापेक्षा बराच कमी दिसतो.