मुदत संपली की हक्कही संपला

प्रश्न: आमच्या सांस्कृतिक मंडळात नाटकाची तिकिटं आधी सभासदांना, मग सगळ्यांना देतो. कोटा किती ठेवावा आणि उरलेल्या जागा कशा खुल्या कराव्यात, म्हणजे भांडणं होणार नाहीत?

भांडण कोट्यावरून होत नाही, उरलेल्या जागांवरून होतं. पाच वर्षं मी एका मंडळाच्या तिकीट समितीत होते, आणि एका शनिवारची सकाळ मला अजून विसरता येत नाही.

नाट्यगृह 600 खुर्च्यांचं. 360 सभासदांना, 200 सर्वांसाठी, 40 कलाकार आणि देणगीदारांच्या पाहुण्यांसाठी. सर्वांच्या 200 पहिल्याच रविवारी संपल्या. सभासदांना शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत मुदत होती, तोवर 262 गेल्या. उरल्या 98. फलकावर लिहिलं होतं, ‘उरलेल्या जागा शनिवारी सकाळी नऊला खिडकीवर’.

शुक्रवारी रात्री पावणेअकराला कुणीतरी त्या 98 जागा ऑनलाइन खुल्या केल्या आणि पदाधिकाऱ्यांच्या ग्रुपवर टाकलं, ‘प्लॅन उघडलाय’. सकाळी खिडकीवर मी बसले तेव्हा 37 शिल्लक होत्या, त्याही बहुतेक सुट्या. रांगेत पंधरा-सोळा जणांनंतर एक वयस्कर जोडपं होतं, सव्वासातपासून उभं. त्यांना मिळाल्या एक तिसऱ्या रांगेत, एक अकराव्या. बाई म्हणाल्या, “अहो, यांना कमी ऐकू येतं. एखादं वाक्य निसटलं की मी कानात सांगते. लांब बसून काय करू?” मी प्लॅन पुन्हा पुन्हा पाहिला. शेजारची जोडी एकही नव्हती. ते तिकीट न घेता गेले.

बैठकीत मी विषय काढला, तर अध्यक्ष म्हणाले, “मंडळ सभासदांच्या वर्गणीवर चालतं. त्यांच्या कोट्यातलं उरलेलंही त्यांचंच.” मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही. वर्गणी भरून सभासदाला आधी निवडायचा हक्क मिळतो, खुर्चीची मालकी नाही. शुक्रवारी सहाला तो हक्क संपला. त्यानंतर सभासद आणि रस्त्यावरचा माणूस सारखेच.

पुढच्या वर्षी मी हट्टानं पद्धत बदलून घेतली. प्रत्येक सभासदाला वेगळा कोड, त्याच्या मोबाइल नंबराला जोडलेला, दोनच तिकिटांचा, एकदा वापरला की बाद. आधी सगळ्यांना एकच कोड असायचा आणि तो दुपारपर्यंत गावभर फिरायचा. पुढच्या सगळ्या रांगा सभासदांना देणंही बंद केलं. प्लॅनवर उभ्या पट्ट्या पाडल्या, म्हणजे प्रत्येक रांगेत दोन्ही कोट्यांच्या खुर्च्या आल्या. पट्टी सम संख्येचीच पाडा. सात खुर्च्यांची पाडलीत तर तीन जोड्या गेल्यावर एक खुर्ची एकटी पडते, आणि शेवटी तुमच्या हातात अशा एकट्या खुर्च्याच उरतात.

उरलेल्या जागांसाठी सोडत ठेवली. नाव आणि किती तिकिटं हवीत ते शुक्रवारी सहापर्यंत खिडकीवरच्या वहीत किंवा फोनवरून नोंदवायचं, जास्तीत जास्त चार. सातला नाट्यगृहाच्या आवारात सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढायच्या आणि त्या क्रमानं जागा द्यायच्या. चार हव्या असलेल्याची पाळी आली आणि शेजारच्या दोनच उरल्या असतील, तर त्यालाच विचारायचं: दोन घेता, की सुट्या चालतील? शनिवारी दुपारी बारापर्यंत पैसे आले नाहीत, तर जागा पुढच्या चिठ्ठीला. पाहुण्यांच्या 40 मधून परत आलेल्या जागाही याच क्रमानं जायच्या, समितीच्या खिशात नाही.

‘जो आधी येईल त्याला’ हे ऐकायला न्याय्य वाटतं, पण त्यात जिंकतो तो ज्याला वेळ आधी कळते. सोडतीत रात्रीच्या मेसेजचा काही उपयोग नाही.

कोटा किती, हे मात्र तुमच्या मागच्या दोन-तीन कार्यक्रमांत सभासदांनी खरोखर किती तिकिटं उचलली त्यावरून ठरवा. आमच्या 262 वर 360 ठेवणं चूक होतं. 280 पुरल्या असत्या. पण वर्गणी घेताना ‘प्रत्येकी दोन तिकिटं नक्की’ असं छापून दिलं असेल, तर वर्षाच्या मध्ये कोटा कापू नका. आणि उरलेल्या जागांपेक्षा नोंदणीच कमी आली, तर सोडतीचा खटाटोप नको, नोंदवलेल्यांना देऊन बाकीच्या सरळ खिडकीवर ठेवा.

एक गोष्ट मात्र कुणी कितीही विरोध केला तरी कराच. कुठली खुर्ची कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या कोट्यातून सुटली, याचा कागद प्रयोगाच्या दिवशी खिडकीशेजारी चिकटवा. आमच्याकडे तो पहिल्यांदा लागला तेव्हा अध्यक्षांनी चष्मा लावून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. त्यानंतर रात्री प्लॅन उघडला नाही.