लातूरची बस, नांदेडची कार: गाठ कुठे पडणार?

सर, लातूर-नांदेड १४० किमी. बस लातूरहून ७ वाजता ताशी ४० किमीने निघाली, कार नांदेडहून लातूरकडे ८ वाजता ताशी ६० किमीने. गाठ कधी आणि कुठे पडेल? मी १४० ला १०० ने भागलं, तरी उत्तर चुकतंय. – आठवीतली विद्यार्थिनी, चाकूर

भागाकार चुकला नाही, ज्याला भागलंस ते अंतर चुकलं. १४० ÷ १०० हे गणित दोघं एकाच वेळी निघाली असती तरच लागू पडलं असतं. इथं ७ ते ८ या तासात एकटी बसच पळतेय, कार अजून दारातच उभी आहे.

म्हणून घड्याळ ८ वर आण आणि चित्र नव्यानं काढ. तोवर बस ४० किमी आली, मधे उरले १०० किमी. आता दोघं मिळून तासाला १०० किमी कमी करतात, म्हणजे १ तास. गाठ ९ वाजता. बस ७ पासून २ तास चालली, ८० किमी. कार १ तास, ६० किमी. ८० आणि ६० मिळून १४०. ही बेरीज जुळली नाही तर उत्तर चुकलं असं खुशाल समज.

तुझ्या वहीत आणखी एक गोष्ट दिसते. १.४ तास म्हणजे तू १ तास ४० मिनिटं लिहिलंस. ०.४ तासाला ६० नं गुण, २४ मिनिटं येतात. पेपर तपासताना या एका चुकीवर माझी लाल शाई सगळ्यात जास्त खर्ची पडली.

वेगांची बेरीज करायची हे मुलाला पाठ आहे, पण 'का' विचारलं की तो गप्प होतो आणि मीही. – एक पालक, परभणी

वेगाचा विचार थोडा बाजूला ठेवा, मधल्या अंतराकडं बघा. दोरीची दोन टोकं दोघांच्या हातात द्या. तुम्ही सेकंदाला २ वीत गुंडाळता, मुलगा ३ वीत. दोरी सेकंदाला ५ वीत कमी होते. सापेक्ष वेग म्हणतात तो एवढाच: मधलं अंतर कमी होण्याचा वेग.

मागची गाडी पुढचीला गाठायला निघाली, की पुढची दोरी सोडत जाते आणि मागची गुंडाळत जाते. म्हणून तिथं वजाबाकी. 'समोरासमोर बेरीज, एका दिशेनं वजाबाकी' हे पाठ करून घेण्यापेक्षा मुलाला एकच प्रश्न विचारा: एका तासानं मधलं अंतर किती राहील?

बस वाटेत थांबली तर काय करायचं? पुस्तकातल्या गाड्या कधी थांबतच नाहीत. – नववीतला विद्यार्थी, लोहा

खरंय, पुस्तकातल्या बसला ना प्रवासी असतात ना चहा. वरचंच उदाहरण घेऊ. अहमदपूरचं स्टँड लातूरहून ६८ किमीवर आहे आणि बस तिथं १५ मिनिटं थांबते असं धर.

८ वाजता मधे १०० किमी आहेत. बस थांबलेल्या १५ मिनिटांत कार एकटीच १५ किमी कापते. उरलेले ८५ किमी दोघं मिळून, ताशी १०० नं, ५१ मिनिटांत. एकूण ६६ मिनिटं, गाठ ९ वाजून ६ मिनिटांनी. पडताळा घे: बस ७४ किमी, कार ६६ किमी, झाले १४०.

मात्र इथं एक फसगत आहे. हे गणित बसचा थांबा गाठ पडण्याआधी पूर्ण उरकला तरच चालतं. बस ६८ किमीवर ८:४२ ला पोचते, ८:५७ ला सुटते, म्हणून आपलं जमलं. स्टँड ७८ किमीवर असतं तर? बस ८:५७ ला पोचली असती, तेव्हा कार फक्त ५ किमी दूर. मग ९:०२ ला कार स्टँडवर हजर, बस अजून उभीच. थांब्याचं गणित आलं, की बस तिथं कधी पोचते आणि कधी सुटते हे आधी काढ.

स्पर्धा परीक्षेत येतं: दोन गाड्या समोरासमोरून एकाच वेळी निघाल्या, भेटीनंतर पहिली ४ तासांत, दुसरी ९ तासांत मुक्कामी पोचते. वेगांचं गुणोत्तर ३:२ कसं? – परीक्षार्थी, बीड

भेटीपर्यंत दोघींना t तास लागले असं माना. पहिलीनं t तासांत कापलेला रस्ता दुसरीला पुढं ९ तास लागला, म्हणजे वेगांचं गुणोत्तर ९ : t. दुसरीचा t तासांचा रस्ता पहिलीनं ४ तासांत कापला, म्हणजे तेच गुणोत्तर t : ४. म्हणून t² = ३६, t = ६, आणि ९ : ६ म्हणजेच ३ : २.

√९ : √४ असं वर्गमुळाचं तयार सूत्र लावण्याआधी 'एकाच वेळी निघाल्या' हे शब्द प्रश्नात शोधा. आपल्या विनाथांब्याच्या लातूर-नांदेड गणितात भेटीनंतर बसला दीड तास लागतो, कारला १ तास २० मिनिटं. सूत्र लावलं तर दोघींचे वेग जवळजवळ सारखे निघतात, आणि खरे आहेत ४० नि ६०. त्या एक तासाच्या अंतरानं निघाल्या होत्या ना!