n² आणि 20 n log₂ n: नेमकं कुठल्या n पासून पुढे n² कायम मोठा राहतो?

आधी दोन्हीकडचा एक n काढून टाक. मग तुलना फक्त n आणि 20 log₂ n यांची उरते. आता दोनाचे घात घालून बघ: 128 ला उजवीकडे 140, म्हणजे n² अजून लहान, 256 ला 160, म्हणजे मोठा. मधे शोधलंस की 143 ला उजवी बाजू 143.2 येते आणि 144 ला 143.4. म्हणून उत्तर 144.

पण एवढ्यावर थांबू नकोस. n = 1 लाही n² मोठाच असतो (1 विरुद्ध 0), आणि 2 ला लगेच मागे पडतो! ‘कायम’ सिद्ध करायला वाढ बघ: n एकाने वाढला की उजवी बाजू साधारण 28.9/n ने वाढते. 29 पासून ती वाढ एकापेक्षा कमीच, त्यामुळे 144 नंतर अंतर रुंदावतच जातं.