मागे-पुढे जाणारी कथा तारखांप्रमाणे सरळ कशी लावायची?

प्रश्न: गावच्या उत्सवात एका कथेचं नाटक बसवतोय. कथा सारखी मागे-पुढे जाते. घटना तारीखवार लावायच्या आहेत, पण दोनदा मांडूनही घोळ होतोय. कसं करावं?

उत्तर:

घोळ बहुतेक वेळा भूतकाळातून बाहेर पडताना होतो. लेखक मागे जाताना पहिल्या वाक्यात 'गेला होता' लिहितो, पुढे मात्र साधं 'गेला, बसला, म्हणाला' सुरू होतं. परत वर्तमानात आल्याची खूण कधी फक्त 'आता' या एका शब्दात असते. म्हणून आधी पेन्सिलीने हे जोड शोधा. तारखांचं नंतर.

आमच्या दापोलीकडची म्हणून रचलेली एक कथा घेऊ. सुरुवात अशी: 'वादळानंतरची दुसरी नारळी पौर्णिमा. वसंताने दर्यात नारळ सोडला.' मग त्याला आठवतं: वादळात होडी फुटली होती. त्याच्या आठ दिवस आधी आबा आणि धाकटा भाऊ भांडले. आबांचं तेरावं १९ जूनला झालं. भाऊ थेट गेल्या गणपतीत आला आणि म्हणाला, "गेल्या वर्षीच तर आबांनी होडी घेतली!"

इथे तारखांची खुंटी एकच: कथेतलं वादळ म्हणजे निसर्ग वादळ. ते ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. त्यानंतरची पहिली नारळी पौर्णिमा ३ ऑगस्ट २०२० ला, म्हणजे दुसरी २२ ऑगस्ट २०२१. त्या दिवशी २०२१ चे गणपती यायचे होते, म्हणून 'गेल्या गणपतीत' म्हणजे २२ ऑगस्ट २०२०. दोन्हीकडे २२ ऑगस्टच! वर्ष न लिहिता ओळी लावल्या तर दोन प्रसंग एकाच दिवशी येऊन बसतात.

भावाचं 'गेल्या वर्षी' मात्र वसंताच्या नाही, भावाच्या बोलण्याच्या दिवसापासून मोजायचं. बहुतेक जण इथेच चुकतात आणि होडी २०२० मध्ये घेतली असं लिहितात. 'आठ दिवस' म्हणजे आपल्याकडे आठवडा, म्हणून भांडण २७ मेच्या आसपास. तेराव्यात मृत्यूचा दिवस पहिला धरायचा, तर आबा ७ जूनला गेले. अशा तारखांपुढे 'अंदाज' किंवा 'नक्की' लिहून ठेवा.

२०१९: होडी घेतली (महिना दिलेला नाही)
२७ मे २०२०: भांडण (अंदाज)
३ जून २०२०: वादळ, होडी फुटली (नक्की)
७ जून २०२०: आबा गेले (तेराव्यावरून)
१९ जून २०२०: तेरावं (नक्की)
२२ ऑगस्ट २०२०: भाऊ आला (गणपतीचा पहिला दिवस धरून)
२२ ऑगस्ट २०२१: नारळ सोडला (नक्की)

तीच घटना दोन पात्रं सांगत असतील तर ओळ एकच, सांगणारे दोन. वसंताने होडी विकायचं ठरवलं, तर ठरवणं ही घटना, विक्री नाही. आणि 'आईने पाटल्या गहाण ठेवल्या' हे वादळानंतर पण गणपतीआधी, एवढंच कळत असेल तर तारीख पाडू नका. 'तेराव्याआधी की नंतर, ठाऊक नाही' असं लिहून ती ओळ बाजूला ठेवा आणि तो प्रसंग कुठे घालायचा ते दिग्दर्शकाला ठरवू द्या.