मशीनला ‘नोका’ ऐकू आलं नाही

प्रश्न: दर रविवारी आठवड्याचे सहा-सात व्हिडिओ शेड्यूल करून ठेवतो. सबटायटल आपोआप तयार होऊन लागावेत असं हवंय. पब्लिश होण्याआधी चुका कशा तपासायच्या? सगळं ट्रान्सक्रिप्ट वाचावंच लागतं का?

उत्तर:

हो, सगळं वाचावं लागतं, आणि नुसतं वाचूनही भागत नाही. हे मी मामाच्या दोनशे लिटरच्या ड्रमावरून शिकलोय.

आमचं गाव वरुडकडचं, संत्र्याचं. मी आणि एक मित्र मिळून बागेचे व्हिडिओ करतो. बोलतो मी, चॅनेलचं काम तो पाहायचा. झाडांवर फवारायच्या बोर्डो मिश्रणावर, म्हणजे बुरशीच्या औषधावर, एक व्हिडिओ केला होता, नऊ मिनिटांचा. एक टक्क्याचं प्रमाण, म्हणजे शंभर लिटर पाण्याला एक किलो मोरचूद आणि एक किलो कळीचा चुना. दोन्ही वेगवेगळे भिजवायचे, मग एकत्र करायचे. तयार द्रावणात घासलेला विळा बुडवायचा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असं समजायचं आणि चुन्याची निवळी वाढवायची. मग मी कॅमेऱ्याकडे पाहून म्हटलं, ‘याच द्रावणात कीटकनाशक मिसळू नोका.’ चुन्यामुळे द्रावण अल्कधर्मी असतं आणि बरीच कीटकनाशकं त्यात निकामी होतात, म्हणून.

सबटायटलमध्ये हे आलं:

```
41
00:04:12,300 --> 00:04:15,800
याच द्रावणात कीटकनाशक मिसळून टाका
```

मोठ्याने म्हणून पाहा: ‘मिसळू नोका’, ‘मिसळून टाका’. वाक्य संपताना आवाज खाली जातो, मागे पंप चालू असतो. आमच्याकडे ‘नका’ला ‘नोका’ म्हणतात, ते मशीनने फारसं ऐकलेलं नसतं, मग ते ओळखीचं वाक्य जुळवतं. आणि जुळवलेलं वाक्य इतकं सरळ असतं की वाचणाऱ्याची नजर त्यावर अडखळतच नाही. मशीनने ‘मोरचूद’चं ‘मोर चूर’ केलं तर शेंबडं पोरही पकडेल. अर्थ उलटा झालेलं शुद्ध वाक्य कोणी पकडत नाही.

माझ्या मामाला तिशीपासून ऐकू येत नाही. आमचा प्रत्येक व्हिडिओ तो पाहतो, म्हणजे वाचतो. त्याने दोन-दोन किलोचं द्रावण ड्रमात केलं आणि वर कीटकनाशक ओतलं. फवारायच्या आधी त्याने ड्रमाचा फोटो पाठवला. वर दही फाटल्यासारखे गोळे तरंगत होते. खाली लिहिलं होतं, ‘बापू, तू सांगतलं तसंच केलं, मग हे फाटलं कायले?’ मी व्हिडिओ उघडून एक्केचाळीसावी ओळ पाहिली आणि हातपाय गार पडले. ड्रम गेला, औषध गेलं, मजूर दिवसभर बसून राहिले. मामा एका शब्दानेही बोलला नाही, हे जास्त लागलं.

त्या रविवारी सहा व्हिडिओ एकदम शेड्यूल झाले होते. सबटायटल रात्री निघाले, सकाळी लागले, मध्ये एकाही माणसाने ते पाहिले नव्हते. मित्राचं म्हणणं होतं, ऑटोमॅटिक केलं ते वाचत कायले बसायचं. म्हणून पहिली गोष्ट: वेळ शेवटी टाका. व्हिडिओ खाजगी ठेवून चढवा, सबटायटलची फाइल तपासा, `With timing` निवडून ती लावा, त्यानंतरच `Schedule` करा. आधी वेळ टाकली की तपासणी हमखास राहते, कारण न तपासताही व्हिडिओ जायचा तो जातोच.

फाइल मी घरच्या लॅपटॉपवर व्हिस्पर या बोलणं लिहून काढणाऱ्या प्रोग्रॅमने काढतो:

```
whisper bordo.mp4 --model medium --language mr --output_format srt --condition_on_previous_text False
```

`--language mr` विसरू नका. भाषा सांगितली नाही तर ते पहिल्या तीस सेकंदांवरून ठरवतं, आणि सुरुवातीला नुसतं संगीत असेल तर हिंदीच्या वळणाचं काहीतरी हाती येतं. शेवटचा पर्याय यासाठी की पंपाच्या आवाजात किंवा शांततेत एकदा चुकलं की तीच ओळ पुढे दहा-दहा वेळा येत राहते. याने ते बरंच कमी होतं.

आता तपासणी. बरेच जण सांगतात की फाइलमध्ये ‘नका’, ‘नाही’, ‘लिटर’, ‘ग्रॅम’ शोधा आणि तेवढ्याच ओळी पाहा. आकड्यांसाठी हे ठीक आहे. ‘दीड’, ‘अडीच’, ‘पाऊण’ हे शब्द मी मुद्दाम ऐकून तपासतो. पण नकारासाठी शोध कामाचा नाही, कारण चूक झालेल्या जागी ‘नका’ उरलेलाच नसतो. नसलेला शब्द शोधून सापडणार कसा? म्हणून मी उलटं करतो. बोलण्याआधी वहीत टिपणं काढतो, त्यात ‘करू नका’ अशा गोष्टींवर लाल खूण असते. बोर्डोच्या व्हिडिओत अशा चार होत्या: लोखंडाचं भांडं वापरू नका, तयार द्रावण दुसऱ्या दिवसासाठी ठेवू नका, हातमोज्यांशिवाय कालवू नका, कीटकनाशक मिसळू नका. ट्रान्सक्रिप्टमध्ये चार मोजायच्या. तीन भरल्या तर चौथी कुठे गेली ते पाहायचं. त्या दिवशी मोजल्या असत्या तर दोन मिनिटांत कळलं असतं.

मग कानाला हेडफोन लावून, नजर ओळीवर ठेवून एकदा सगळं ऐकायचं. प्रमाण आणि मनाई जिथे आहे तिथे वेग वाढवायचा नाही. नऊ मिनिटांच्या व्हिडिओला मला अर्धा तास लागतो. आठवड्याला सात व्हिडिओंना एवढा वेळ नसेल तर पाच करा.

आता मित्राचं. ड्रमाच्या प्रकरणानंतर तो मला म्हणाला, चूक तुझीच, तू शुद्ध ‘नका’ म्हटलं असतंस तर मशीनला समजलं असतं, यापुढे पुस्तकी बोल. यावर आमचं जे वाजलं ते अजून मिटलेलं नाही. मी ऐकणार नाही. ज्यांच्यासाठी बोलतो ते पऱ्हाटी म्हणतात, डवरा म्हणतात, ‘मिसळू नोका’ म्हणतात. मशीनने ‘डवरा’चा ‘दौरा’ केला तर ओळ मी दुरुस्त करीन, जीभ दुरुस्त करणार नाही. आणि दुरुस्त करतानाही ‘नोका’च लिहितो, ‘नका’ नाही. मामा ओठ वाचतो. ओठांवर एक आणि खाली दुसरं असलं की तो गोंधळतो.

एक सांगायचं राहिलं. मोठ्या `large-v3` मॉडेलला चुका कमी होतात, पण ते वेगात चालायला दहा जीबीच्या आसपास मेमरी असलेलं ग्राफिक्स कार्ड लागतं. माझ्याकडे कार्डच नाही, `medium` रात्री लावून झोपतो. तुमच्याकडे चांगलं मशीन असेल तर दुरुस्त्या कमी निघतील, मोजणी मात्र सोडू नका. आणि तुमचे व्हिडिओ स्वयंपाकाचे किंवा फिरण्याचे असतील तर एवढं काटेकोर राहायची गरज नसेलही. मी औषधाच्या प्रमाणाबद्दल बोलतोय.

आता शेड्यूल करण्याआधीची फाइल मामाकडे जाते. तो आवाजाशिवाय पाहतो आणि मला उलट लिहून पाठवतो की यात काय करायचं आणि काय नाही. मागच्या आठवड्यात त्याने एकच ओळ पाठवली: ‘तिसऱ्या मिनटाले चुना आधी का मोरचूद आधी, ते समजत नाही.’ ते सबटायटलमध्ये बरोबर होतं, मीच नीट बोललो नव्हतो. तो भाग पुन्हा शूट केला.