बोनस कशावर मिळतो, ते आधी बघ

परवा दांडिया बाजारात भेटलास तेव्हा म्हणालास, "काका, एमडीचा बोनस ईपीएसला, म्हणजे दर शेअरमागच्या नफ्याला जोडलाय, तेव्हा तो आपल्याच बाजूचा." थांब जरा. शेअरधारक म्हणून कंपनी आपली असली तरी रोजचे निर्णय त्याच्या हातात असतात आणि आपल्याला फक्त आकडे दिसतात. बोनस असतो तो ही दरी बुजवायला.

समज, नफा 100 कोटी आणि शेअर 10 कोटी, म्हणजे ईपीएस 10 रुपये. बोनससाठी 10.50 हवेत. एमडीने बँकेतल्या ठेवी मोडून कंपनीचेच 1 कोटी शेअर परत विकत घेतले, म्हणजे बायबॅक केलं. व्याज बुडालं, नफा 95 कोटींवर आला. पण शेअर उरले 9 कोटी, म्हणून ईपीएस 10.56. धंदा तसूभर वाढला नाही, बोनस मात्र पक्का! (शेअर स्वस्त असताना केलेलं बायबॅक आपल्याही फायद्याचं असतं, ते वेगळं.)

म्हणून वार्षिक अहवालात एकूण नफा आणि शेअरसंख्या शेजारी मांडून बघ. निकष गुंतवलेल्या भांडवलावरचा परतावा असेल आणि पैसे तीन-चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळत असतील, तर मला जास्त भरवसा वाटतो. अर्थात तिथेही नवा कारखाना लांबणीवर टाकून आकडा फुगवता येतो, तेव्हा भांडवली खर्चही तपास.