रॉयल्टीचा आठवणीचा मेसेज कसा लिहावा, की आउटलेट मालकाचा उलटा फोन येणार नाही?

प्रश्न: आमच्या वडापाव ब्रँडच्या आउटलेट मालकांना मी दर महिन्याला लिहितो, "सर, जूनची रॉयल्टी पेंडिंग आहे, लवकरात लवकर भरावी." दर वेळी फोन येतो: कशावर काढली, किती टक्के, नक्की कधीपर्यंत? मेसेजमध्ये काय बदलू?

उत्तर:

मी पुण्यात एका खाद्यपदार्थांच्या ब्रँडचं फ्रँचायझी खातं सांभाळते. माझा अनुभव असा की खरा वाद टक्क्यांवरून होत नाही, 'विक्री' कशाला म्हणायचं यावरून होतो. त्यातही बहुतेक वेळा ऑनलाइन ऑर्डरवरून. म्हणून आधी तेवढं नीट समजून घ्या.

समजा, करारात लिहिलंय की रॉयल्टी 'निव्वळ विक्रीच्या ५ टक्के', आणि निव्वळ विक्री म्हणजे जीएसटी आणि आउटलेटने स्वतः दिलेली सूट वजा जाता उरलेली बिलाची रक्कम. जूनमध्ये काउंटरवर जीएसटीसकट ४,२०,००० रुपयांची बिलं झाली. ५ टक्के जीएसटी काढला की उरले ४,००,०००. झोमॅटो-स्विगीवर सूट वजा जाता, जीएसटीशिवाय १,५०,००० च्या ऑर्डर गेल्या. पण मालकाच्या बँकेत आले १,१२,०००, कारण कमिशन आणि इतर खर्च मिळून ३८,००० प्लॅटफॉर्मने कापून घेतले.

मालक बँकेचं स्टेटमेंट बघतो आणि ५,१२,००० धरतो. त्याच्या हिशोबाने रॉयल्टी २५,६०० होते, तुमच्या हिशोबाने ५,५०,००० वर २७,५००. फरक १,९०० रुपयांचा, पण त्याला वाटतं तुम्ही न मिळालेल्या पैशांवर टक्के लावताय. त्याचं वाटणं अगदी स्वाभाविक आहे. म्हणून कमिशन वजा केलेलं नाही हे मेसेजमध्येच सांगायचं, त्याने विचारायच्या आधी.

दुसरा गोंधळ भरायच्या रकमेचा. रॉयल्टीवर १८ टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ४,९५०, एकूण ३२,४५०. आउटलेट भागीदारी संस्थेच्या नावावर असेल आणि वर्षाची रॉयल्टी टीडीएसच्या मर्यादेपुढे जात असेल, तर ते १० टक्के टीडीएस कापतात. इनव्हॉइसमध्ये जीएसटी वेगळा दाखवला असेल तर तो मूळ २७,५०० वरच, म्हणजे २,७५०. बँकेत येणार २९,७००. एकाच मालकीच्या छोट्या दुकानाला सहसा टीडीएस कापावा लागत नाही, कारण ती जबाबदारी आदल्या वर्षाची उलाढाल एक कोटीच्या वर असेल तरच येते. त्यामुळे प्रत्येक आउटलेटचा शेवटचा आकडा वेगळा असतो. सगळ्यांना एकच मेसेज फॉरवर्ड करू नका.

भागीदारीतल्या आउटलेटला मी असं लिहीन:

"नमस्कार साहेब, जून २०२६ च्या रॉयल्टीचा तपशील.
विक्री (जीएसटी सोडून): काउंटर ४,००,००० + ऑनलाइन १,५०,००० = ५,५०,०००. ऑनलाइनची रक्कम तुमची सूट वजा करून, पण प्लॅटफॉर्मचं कमिशन वजा न करता धरली आहे, करारातल्या 'निव्वळ विक्री'च्या व्याख्येप्रमाणे.
रॉयल्टी ५% = २७,५००. जीएसटी १८% = ४,९५०. टीडीएस वजा २,७५०.
भरायची रक्कम: २९,७०० रुपये.
शुक्रवार, १० जुलैपर्यंत आमच्या खात्यात जमा व्हावी.
बिलिंग सॉफ्टवेअरचा जूनचा अहवाल आणि इनव्हॉइस सोबत आहे. आकड्यात फरक वाटला तर ६ तारखेपर्यंत कळवा."

'खात्यात जमा व्हावी' हे शब्द मुद्दाम आहेत. मालकाने दहाला रात्री चेक लिहिला तर त्याच्या लेखी पैसे वेळेवर गेले, तुमच्या लेखी थकले. 'लवकरात लवकर'ला तर तारीखच नसते, त्यामुळे थकबाकी कोणत्या दिवसापासून धरायची हेही सांगता येत नाही. हा मेसेज ३ तारखेच्या सुमारास पाठवा, म्हणजे आकडे तपासायला त्याला वेळ मिळतो. मग ९ तारखेची आठवण एका ओळीची पुरते: रक्कम आणि तारीख.

मार्केटिंगची वर्गणी किंवा मेची बाकी या रकमेत मिसळू नका, वेगळ्या ओळीत दाखवा. उशिराच्या व्याजाचा उल्लेखही पहिल्या मेसेजमध्ये नको. मुदत टळल्यावर, आणि करारात व्याज असेल तरच.

एक मर्यादा मात्र आहे. करारात नुसतंच 'विक्रीच्या ५ टक्के' असेल, तर कितीही स्वच्छ मेसेज लिहून कमिशनचा प्रश्न सुटणार नाही. तुमची व्याख्या मेसेजमधून लादू नका. मालकासोबत बसून कमिशन, सूट आणि रद्द झालेली बिलं यांचं काय करायचं ते ठरवा, आणि दोघांच्या सह्यांचं पुरवणी पत्र कराराला जोडा. मग मेसेजमध्ये त्या पत्राची तारीख टाका.